झोजिलाची गेटची वेळ नक्की किती? श्रीनगर ते कारगिल दिवसाचं गणित

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच्या गाडीने सोलापूरहून लेहला निघतोय. मी, बायको, नववीतला पोरगा आणि वडील, वय ६८. गाडी डिझेल, पुढच्या चाकांवर चालणारी साधी एसयूव्ही. जम्मूपर्यंतचं सगळं जुळलंय, श्रीनगरला दोन रात्रींचं हॉटेलही झालंय. नकाशा श्रीनगर ते कारगिल साधारण २०० किलोमीटर दाखवतो. माझा बेत असा की नाश्ता करून नऊला निघायचं, सोनमर्गला फोटो, दुपारी द्रासचं युद्धस्मारक, संध्याकाळी कारगिल. काल शेजारचे म्हणाले की मध्ये झोजिला खिंडीत वाहतूक एकाच बाजूने सोडतात आणि वेळ संपली की गेट बंद. खरंय का? असेल तर वेळ नक्की किती ते सांगा, म्हणजे त्याप्रमाणे निघतो.

बार्शीरोड_किरण
काही काळजी करू नका ओ. तिथं बोगदा झालाय की आता. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, टीव्हीवर दाखवलं होतं. बारा महिने रस्ता चालू. शेजाऱ्यांची माहिती जुनी आहे.

माधुरी_विजापूररोड
किरण, बोगदा झालाय हे बरोबर, पण तो हा नव्हे. १३ जानेवारी २०२५ ला उघडला तो सोनमर्गचा बोगदा, आधी त्याला झेड-मोड म्हणायचे. साडेसहा किलोमीटरचा आहे, गगनगीरला आत शिरतो आणि सोनमर्गला बाहेर काढतो. त्यामुळे सोनमर्ग हिवाळ्यात तुटत नाही, एवढाच त्याचा उपयोग. झोजिला सोनमर्गच्या पुढे आहे. तिथला बोगदा वेगळा आणि त्याचं काम चालू आहे. तोवर वरचाच रस्ता.

जुळे सोलापूरकर, शेजाऱ्यांचं खरं आहे. वेळ मात्र मी सांगणार नाही. माहीत नाही म्हणून नव्हे, तर अशी कायमची वेळ नसतेच म्हणून. जम्मू-काश्मीर ट्रॅफिक पोलीस आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची सूचना काढतात. आधी छोट्या गाड्या एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, आणि ट्रक त्यांच्या वेगळ्या पाळीत. सोनमर्गकडची पाळी सकाळी की दुपारी हे बर्फ, पाऊस, दरड आणि अडकलेल्या ट्रकांची संख्या बघून ठरतं. मागच्या वर्षी कुणी काय वेळ लिहिली होती त्यावर हॉटेल बुक करू नका.

टेम्पोवाला_मार्केटयार्ड
सोलापूरवरून जाताना घाट म्हणजे कन्नड घाट ना? तो जड गाड्यांना बंद आहे, २०२३ ला खंडपीठाच्या आदेशाने बंद केला. माझा टेम्पो धुळ्याला जातो, आता मला लांबून वळसा पडतो आणि डिझेलचा खर्च गिऱ्हाईक देत नाही. छोट्या गाड्यांना सोडतात. काळजी नको.

जुळे_सोलापूरकर
दादा, कन्नडच्या पुढचं विचारतोय, काश्मीरमधलं 😊 पण माहितीबद्दल आभार, आपण धुळ्यावरूनच जाणार आहोत. आपल्या दारातला ५२ नंबरचा हायवे थेट पंजाबात संगरूरपर्यंत जातो हे मला या निमित्तानेच कळलं.

माधुरीताई, आदल्या संध्याकाळी वेळ कळणार असेल तर नियोजन करायचं तरी कसं? हॉटेलं तर आधीच घ्यावी लागतात.

माढ्याचा_फौजी
राम राम. आमची पोस्टिंग द्रासला होती. आमच्या वेळी साधा नियम होता, एक दिवस गाड्या वर, एक दिवस खाली. तारीख बघायची आणि निघायचं. लष्कराचा काफिला पहाटे निघतो, त्याच्या मागे गाडी लावली की कुणी अडवत नाही. पहाटे तीनला उठा, बाकी काही विचार करू नका.

माधुरी_विजापूररोड
फौजीकाका, नमस्कार. एक दिवस वर, एक दिवस खाली हे अजूनही होतं, पण मुख्यतः रस्ता नुकता उघडल्यावर किंवा बर्फ पडल्यावर, जेव्हा दोन्ही बाजूच्या गाड्या एका दिवसात निघणं शक्य नसतं. तेव्हा फक्त चारही चाकांना ताकद असलेल्या किंवा साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. जूनमध्ये हवा ठीक असेल तर साधारणपणे एकाच दिवशी दोन्ही दिशांना पाळी मिळते. आणि काफिल्याच्या मागे लागायचं तेवढं सांगू नका. लष्कराच्या गाड्यांची व्यवस्था वेगळी असते, खासगी गाडीला गेटवर पोलीस थांबवणारच. वर त्या काफिल्यात घुसलं की ना पुढे जाता येतं ना बाजूला होता येतं.

पहाटे उठण्याबद्दल मात्र काकांचं शंभर टक्के बरोबर.

आता नियोजन. वेळ ठरवता येत नाही, पण मुक्काम ठरवता येतो. म्हणून सगळा खेळ मुक्कामाचा आहे. श्रीनगर ते सोनमर्ग ८० किलोमीटर, गाडीने दोन ते अडीच तास. तुम्ही श्रीनगरला झोपलात आणि पाळी पहाटे पाच ते साडेसात अशी निघाली, तर रात्री दोनला वडिलांना उठवावं लागेल. सोनमर्गला झोपलात तर तीच पाळी साडेचारच्या चहावर जमते. उलट पाळी दुपारची निघाली तर सोनमर्गला सकाळ छान जाते, काही नुकसान नाही. म्हणून श्रीनगरची दुसरी रात्र रद्द करा आणि ती सोनमर्गला घ्या. दोन्ही शक्यता सांभाळणारी जागा तीच.

बुलेट_अक्कलकोटरोड
ताईंशी सहमत, अनुभवाने. आम्ही मित्र एका टूरवाल्याबरोबर बाईकवर गेलो होतो. मुक्काम श्रीनगरला. कट-ऑफ नऊचा होता, हा बाबा म्हणाला आरामात पोचतो. पराठे खाण्यात अर्धा तास गेला, आणि आम्ही सोनमर्गच्या पुढे रांगेत पावणेनऊला लागलो. आम्हाला वाटलं वेळेत आलो. नऊला पुढे बॅरियर पडला तेव्हा आमच्या पुढे चाळीसेक गाड्या. रांगेत लागलात म्हणजे पोचलात असं नसतं, बॅरियर ओलांडला पाहिजे. मग सोनमर्गला परत, रूमचे ज्यादा पैसे आमच्याच खिशातून. टूरवाला म्हणे "नेचर आहे सर".

माधुरी_विजापूररोड
हा फार महत्त्वाचा मुद्दा बुलेटने सांगितला. कट-ऑफ गेट पार करण्याचा असतो. म्हणून पाळी पाच ते नऊ असेल तर तुमची वेळ नऊ नाही, सहाच्या आत आहे असं समजा. पहिल्या तासाभरात निघालेल्या गाड्यांना वर रस्ताही मोकळा मिळतो.

आणखी एक कारण आहे. मे-जूनमध्ये रात्री थंडीने बर्फाचं पाणी थांबलेलं असतं. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो, आणि दुपारपर्यंत पाणी रस्त्यावरून वाहायला लागतं. सकाळी जिथे कडक माती असते तिथे दुपारी चिखल. त्यामुळे वर चढायला सकाळची पाळी मिळाली तर नशीब समजा.

जुळे_सोलापूरकर
हे पटलं. आता असं धरून चालू की सूचना आली: सोनमर्गकडून छोट्या गाड्या पाच ते नऊ. मग दिवस कसा जाईल? आणि दुपारची पाळी आली तर?

माधुरी_विजापूररोड
समजा पाच ते नऊ. रात्रीच टाकी, हवा, पाणी बघून ठेवा, डिझेल श्रीनगरलाच भरून घ्या. साडेचारला हॉटेल सोडा. तोवर रांग लागलेली असतेच. पाच-सव्वापाचला गेट पार. तिथून वरपर्यंत अंतर वीस-बावीस किलोमीटरच आहे, पण दीड ते दोन तास धरा. सोनमर्ग २,७०० मीटरच्या आसपास, खिंड ३,५२८ मीटर, आणि ही सगळी चढण काश्मीरच्या बाजूलाच आहे. बालटालचे तंबू खाली दिसायला लागले की खरा घाट सुरू झाला समजा. पलीकडे लडाखची बाजू बरीच सपाट आहे, गुमरी, मग मिनामर्गची चौकी, तिथे गाडीची नोंद करतात. साडेनऊ-दहापर्यंत द्रास. स्मारकाला निवांत दीड तास द्या. दुपारी दीड-दोनला कारगिलमध्ये जेवण. वडिलांना अर्धा दिवस आराम मिळतो.

पाळी समजा दुपारी एक ते चार निघाली. मग बाराला रांगेत, चारच्या सुमारास पलीकडे, साडेपाचला द्रास. जूनमध्ये उजेड साडेसातपर्यंत असतो, कारगिल अजून दीड-दोन तास. या दिवशी स्मारक सोडून द्या, ते परतीला बघा. अंधारात कारगिलला पोचण्यात काही मजा नाही.

बार्शीरोड_किरण
बोगद्याची माहिती सुधारली, धन्यवाद. पण एक विचारतो, सूचना मोबाईलवर बघायची तर सोपंच आहे की. एवढं सोनमर्गला राहायचं कशाला? श्रीनगरमध्ये रात्री आठला बघा, पहाटेची असली तर लवकर झोपा.

बुलेट_अक्कलकोटरोड
मोबाईल चालला तर ना! बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. बनिहालच्या बोगद्याच्या कितीतरी आधीच, लखनपूरला राज्यात शिरल्या शिरल्या आमचे फोन मुके झाले. आमच्यातल्या एकाचंच पोस्टपेड होतं, सगळा ग्रुप त्याच्याच मागे. निघायच्या आधी घरातलं निदान एक सिम पोस्टपेड करून घ्या, ते चालू व्हायला वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

माधुरी_विजापूररोड
आणि सूचना वाचताना दोन गोष्टी बघा. ट्रॅफिक पोलिसांच्या अधिकृत पानावर या रस्त्याचं नाव SSG Road असं येतं, म्हणजे श्रीनगर-सोनमर्ग-गुमरी. त्याच सूचनेत जम्मू-श्रीनगर आणि मुघल रोडच्या वेळाही असतात, घाईत दुसरीच ओळ वाचली जाते. दुसरं म्हणजे तारीख. हॉटेलवाल्यांच्या आणि ड्रायव्हरांच्या ग्रुपवर त्याच सूचनेचे फोटो फिरत असतात, आणि कालचा फोटो आज पुढे ढकललेला असतो. वर तारीख उद्याची आहे का ते बघूनच गजर लावा.

शिवाय सगळ्याच्या सुरुवातीला "हवामान व रस्ता ठीक असल्यास" अशा अर्थाचं वाक्य असतं. लोक ते वाचत नाहीत, पण खरी अट तीच. रात्री पाऊस झाला तर पहाटे चौकीवर विचारल्याशिवाय खोली सोडू नका. सामान बांधून ठेवा, किल्ली देऊ नका.

माढ्याचा_फौजी
माधुरीताई बरोबर बोलतात. वेळा आता बदलल्या असतील, डोंगर तोच आहे. एक सांगतो, वर शैतानी नाल्याच्या भागात दगड येतात. रांग थांबली तरी खाली उतरून फोटो काढायचे नाहीत. पाऊस चालू असताना तर नाहीच. पोराला सांगून ठेवा.

शेंगाचटणी
मी मागच्या वर्षी गेले होते, नवरा चालवत होता. मला विचाराल तर वेळेपेक्षा क्लच सांभाळा. चढावर रांग सारखी थांबते. आमच्या पुढच्या गाडीवाल्याने हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली, करपल्याचा वास आमच्या काचेतून आत. थोड्या वेळाने त्याची गाडी रेस होत होती पण जागची हलत नव्हती. एकच लेन, मागे सगळी रांग खोळंबली. शेवटी ट्रकने ओढून कडेला घेतली.

आम्ही मात्र कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती, रांगेत तीच कामी आली. कारगिलपर्यंत दुसरं काही लागलं नाही.

माधुरी_विजापूररोड
अगदी. वर हवा आपल्यापेक्षा साधारण तीस टक्के विरळ असते, गाडीची ओढ कमी होते, विशेषतः टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीची. मग लोक क्लचवर कसर काढतात. पुढच्या गाडीत आणि आपल्यात दोन गाड्यांची जागा ठेवा. ती जागा मोकळी झाली की एका दमात पहिल्या गिअरमध्ये चढा, सपाट तुकडा बघून थांबा, लगेच हँडब्रेक. वास आला की दहा-पंधरा मिनिटं थांबणं हाच उपाय.

मधली जागा बघून मागचा घुसेल, घुसू द्या. आणि रांग थांबलीय म्हणून उजवीकडून पुढे जाऊ नका. वरून बीआरओचं यंत्र किंवा पाळीनंतर राहिलेली गाडी येत असेल तर दोन रांगांचा गठ्ठा होतो आणि तासन्तास सुटत नाही. एकेरी वाहतूक म्हणजे समोरून काहीच येणार नाही, असं नव्हे.

जुळे_सोलापूरकर
फार उपयोगी. श्रीनगरची दुसरी रात्र रद्द करून सोनमर्ग घेतलं, फोनवर बोललो. आता परतीचं. लेहहून लामायुरू करत कारगिलला मुक्काम, दुसऱ्या दिवशी श्रीनगर, तिसऱ्या दिवशी सकाळी जम्मूकडे. परतीच्या श्रीनगरच्या हॉटेलचे पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत. हे चालेल?

माधुरी_विजापूररोड
परत येताना गेट मिनामर्गचं. कारगिल ते मिनामर्ग अडीच-तीन तास धरा. सोनमर्गकडची पाळी सकाळी असेल तर तुमची दुपारी, मग कारगिलहून नऊला निघूनही जमतं. पण उलटं झालं, म्हणजे मिनामर्गकडची पाळी सकाळी लवकर संपणारी निघाली, तर कारगिलहून साडेतीन-चारला निघावं लागेल. अशा वेळी आदल्या रात्री द्रासला झोपलेलं बरं, तिथून गेट तासाभरावर आहे. म्हणून कारगिलचं हॉटेल रद्द करता येईल असं घ्या, आणि त्या दिवशी कारगिलला चारपर्यंत पोचा. सूचना पाहून पुढे द्रास गाठायचं की इथेच राहायचं ते ठरवायला उजेड हातात असतो.

श्रीनगरच्या भरलेल्या पैशांबद्दल मात्र मला काळजी वाटते. खिंड एखादा दिवस बंद राहणं जूनमध्येही नवल नाही. त्यातच तुमचा प्रवास लांबला तर अमरनाथ यात्रेची वेळ जवळ येते, बालटालला जाणारी वाहतूक याच रस्त्यावर असते. परतीच्या बाजूला एक दिवस रिकामा ठेवा. लेहमध्ये एक रात्र कमी करून तो इकडे आणा.

शेंगाचटणी
मी असहमत. लेहमधली रात्र कमी करू नका, वडील ६८ चे आहेत, त्यांना उंचीची सवय व्हायला लेहलाच वेळ लागतो. पँगाँग गाळा हवं तर.

माढ्याचा_फौजी
द्रासला म्हाताऱ्या माणसाला झोपवू नका. ३,२०० मीटरच्या वर आहे, थंडी बेकार. कारगिल खाली आहे, तिथंच बरं. पहाटे साडेतीनला निघायचं तर निघायचं.

माधुरी_विजापूररोड
काका, परतीला ते लेहहून येत असतील, लेह ३,५०० मीटर. द्रास त्याहून खालीच. जाताना द्रासला झोपू नका हे मात्र मान्य. थंडीचं म्हणाल तर गरम पाण्याची सोय विचारून खोली घ्यावी. तरी बीपीच्या गोळ्या वगैरे चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, यावर आपण इथे मत देण्यात अर्थ नाही.

टेम्पोवाला_मार्केटयार्ड
जड गाड्यांना तिथे कधी सोडतात? आमच्या पाहुण्याचा दहाचाकी जातो काश्मीरला सफरचंद आणायला.

माधुरी_विजापूररोड
दादा, सफरचंदाचा ट्रक जम्मू-श्रीनगर रस्त्याने जातो, झोजिला त्याच्या वाटेत येत नाही. तिकडे रामबन ते बनिहाल या पट्ट्यात दरडी पडतात आणि जड गाड्यांना बऱ्याचदा एकाच दिशेने सोडतात. त्याचीही वेळ त्याच सूचनेत असते. पाहुण्यांना म्हणावं, जम्मू सोडायच्या आधी बघा, मध्येच अडकले तर गाडी लावायला जागा मिळत नाही.

जुळे_सोलापूरकर
आज घरी बसून बदललेला बेत असा. जाताना सोनमर्गला रात्र. पाळी सकाळची आली तर द्रास स्मारक करून कारगिल, दुपारची आली तर थेट कारगिल. पँगाँग वगळला, पोरगा रुसलाय. तो दिवस परतीच्या बाजूला ठेवला. श्रीनगरच्या हॉटेलवाल्याने तारीख एकदा बदलून देतो म्हणून सांगितलं. पोस्टपेडचा अर्ज दिला. द्रास की कारगिल यावर घरात दोन तट आहेत, वडील स्वतः द्रास म्हणतायत, कारण त्यांना स्मारकाजवळ राहायचंय.

एकच राहिलं. झोजिला बंदच पडला तर मनालीकडून उतरलं तर? अटल बोगदा आहे म्हणतात.

बुलेट_अक्कलकोटरोड
अटल बोगद्याने फक्त रोहतांग चुकतो. तंगलांग ला, बारालाचा ला डोक्यावर आहेतच, आणि झोजिलापेक्षा कितीतरी उंच. कारगिलला पोचल्यावर बंद कळलं तर लेहला परत जाऊन मनाली धरणं म्हणजे तीन दिवस. कारगिललाच थांबा.

माधुरी_विजापूररोड
तेच. मनालीचा निर्णय घ्यायचा असेल तर लेह सोडायच्या आधी घ्यायचा, कारगिलहून नाही. आणि जूनच्या सुरुवातीला त्या रस्त्यावर दारचाच्या बाजूलाही गाड्या सोडण्याची वेळ असू शकते, तेव्हा गेट चुकवायला म्हणून तिकडे जाऊ नका. लेह सोडायच्या आदल्या संध्याकाळी झोजिलाची सूचना बघा. दोन दिवस सलग बंद दिसत असेल आणि वर पावसाचा अंदाज असेल, तरच मनालीचा विचार. एका दिवसाच्या बंदसाठी नको, त्याच्यासाठीच तर तुम्ही पँगाँग सोडलाय.